पाणी योजनेच्या फीजिबिलिटी रिपोर्टचा सारांश ग्रामपंचायत सदस्यांसाठी कसा लिहायचा, माझा अनुभव

नुकतेच सिव्हिल करून पाणीपुरवठ्याच्या कामाला लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. रिपोर्ट कसा करायचा ते सिनियर शिकवतात, पण त्याच्या पुढची ती दोन पानं, जी खरंतर सरपंच आणि सदस्य वाचतात, ती कशी लिहायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका गावात चुकलो तेव्हा शिकलो, तेच सांगतो.

गाव दुष्काळी पट्ट्यातलं, खाली काळा पाषाण. लोकसंख्या २४००, घरं ४८०. पाण्याला दोन जागा होत्या. एक गावालगत ओढ्याकडेची जुनी विहीर, तिला सगळे गावविहीर म्हणतात. दुसरी जागा पावणेतीन किलोमीटरवर, पाझर तलावाच्या खालच्या अंगाला. तिथे नवी विहीर घ्यायची म्हणजे लांब पाईपलाईन आली, खर्च वाढला, त्यामुळे सगळ्यांचा ओढा आधीपासून गावविहिरीकडेच होता, माझाही होता.

माझ्या पहिल्या सारांशात पहिलं वाक्य असं होतं: "प्रस्तावित उद्भवाची क्षमता ५५ एलपीसीडी प्रमाणे संकल्पित मागणीस पुरेशी असून योजना तांत्रिकदृष्ट्या व आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य आहे." मासिक सभेत हे वाचून दाखवलं. सगळे शांत. मला वाटलं पटलं सगळ्यांना. मग मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "साहेब, विहिरीची टेस्ट कधी घेतली?" मी पानं उलटली, परिशिष्टात तारीख होती डिसेंबरची. ते म्हणाले, "डिसेंबरात आमच्या शेतातल्या विहिरीपण भरलेल्या असतात हो."

तिथेच सभा थांबली आणि बरं झालं थांबली.

आम्ही मे महिन्यात परत टेस्ट घेतली. ही टेस्ट काय असते ते नव्यांनी नीट बघून घ्या, कारण सारांशातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा इथूनच येतो. पंप लावून विहीर उपसायची, पाणी तळाला गेलं की पंप बंद करायचा आणि टेप सोडून बघत बसायचं की पाणी किती वेळात किती चढतं. गावविहीर ८ मीटर व्यासाची होती. एवढ्या विहिरीत पाणी १ मीटर चढलं म्हणजे साधारण ५०,००० लिटर आलं. हे एक वाक्य मी आता प्रत्येक सारांशात टाकतो, आकडा अर्थात त्या त्या विहिरीचा, कारण शेतकरी माणूस मीटरवरून लिटर लगेच पकडतो, त्याला मग पुढचं काही समजवावं लागत नाही. डिसेंबरात २४ तासांत पाणी ५ मीटरच्या वर चढलं होतं, म्हणजे अडीच लाख लिटर. मे मध्ये त्याच विहिरीत तेवढ्याच वेळात चढलं २.४ मीटर, म्हणजे १,२०,००० लिटर. पाषाणात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच असतं, उन्हाळ्यात तो थर वरून रिकामा होत जातो, म्हणून हा एवढा फरक.

आता गावाची गरज. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. २४०० माणसांचे झाले १,३२,००० लिटर. शिवाय पाईपमधून, व्हॉल्व्हपाशी, टाकीतून काही पाणी वाया जातंच, उपशाच्या १५ टक्के धरलं तर विहिरीतून रोज साधारण १,५५,००० लिटर उचलायला लागतात. मे मध्ये विहीर देते १,२०,०००. म्हणजे ३० वर्षांनंतरचं सोडा, आजच कमी पडतंय.

हे सदस्यांना कसं सांगायचं? "मे मध्ये २३ टक्के तूट" असं लिहिलं तर ते कागदावरच राहतं. मी लिहिलं: "गावविहिरीवर योजना केली तर उन्हाळ्यात दर चार दिवसांतून एक दिवस नळ कोरडा राहील." ५५ लिटर म्हणजे काय तेही लिहिलं, माणशी साधारण पावणेचार हंडे, हंडा १५ लिटरचा धरून. एका महिला सदस्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे पाच जणांच्या घराला अठरा हंडे, मग ठीक आहे." त्या रोज पाणी भरतात, त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा लवकर झाला.

तलावाखालच्या जागेचं बघायला तिथल्या एका शेतकऱ्याची विहीर परवानगी घेऊन मे मध्येच तपासली. तीही ८ मीटरचीच, आणि ती २४ तासांत ४.२ मीटर चढली, म्हणजे २,१०,००० लिटर. आजची गरज सहज भागते. ३० वर्षांनंतर ३६०० लोकसंख्या धरली तर रोज २,३३,००० लिटर लागतील, तिथे मात्र ती थोडी कमी पडते. हा आकडा लपवायचा मोह होतो, कारण "पुरेशी" हा शब्द लिहिला की फाईल पुढे सरकते. मी स्पष्ट लिहिलं: "हे पाणी साधारण २० वर्षं पुरेल, त्यानंतर आणखी एक उद्भव शोधावा लागेल. ज्या वर्षी तलावच भरणार नाही त्या वर्षी या विहिरीचाही भरवसा नाही." आणि हे दुसऱ्याच्या विहिरीवरून काढलंय, आपली विहीर खोदल्यावर टेस्ट परत घ्यावी लागेल, हेसुद्धा त्याच परिच्छेदात, तळटीपेत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला आला की सगळं झालं असं लोक समजतात, तो लागतोच, पण त्यातसुद्धा पाहणी कुठल्या महिन्यातली ते बघायची सवय लावून घ्या.

पाण्याच्या गुणवत्तेतही मी पहिल्यांदा "क्लोरिनेशननंतर पिण्यायोग्य" असं एक ओळीत उरकलं होतं. लॅबचा रिपोर्ट उघडून बघितला तर गावविहिरीत नायट्रेट ५८ मिलिग्रॅम प्रति लिटर, मर्यादा आहे ४५. विहिरीच्या वरच्या बाजूला गोठे आणि शोषखड्डे, आमचा अंदाज तिथूनच उतरत असणार. टीसीएल पावडरने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, आणि पाणी उकळलं तरी जात नाही. लहान बाळांना दुधात हे पाणी गेलं तर त्रास होऊ शकतो. हे सारांशात दोन वाक्यांत आलं पाहिजे, साध्या भाषेत, कारण टेबलमधला "५८" कुणीच वाचत नाही.

आता पैसे. नवीन लोक इथे बांधकामाचा एकूण आकडा ठळक करून टाकतात. पण तो पैसा मुख्यतः सरकारकडून येतो, गावातल्या कामाच्या खर्चातली १० टक्के लोकवर्गणी सोडून (डोंगराळ भागात, वनक्षेत्रात किंवा अनुसूचित जाती-जमाती निम्म्याहून जास्त असलेल्या गावात ५ टक्के). पंचायतीच्या गळ्यात कायमचं काय पडतं तर महिन्याचा खर्च. योजना बंद पडतात त्या बऱ्याचदा वीजबिल थकून पडतात.

आम्ही तलावाखालच्या विहिरीसाठी असं मांडलं: वीज साधारण १०,७०० रुपये (रोज ५१ युनिट, युनिटला ७ रुपये धरून), वॉटरमनचा पगार ८,०००, टीसीएल १,५००, दुरुस्ती ५,०००, एकूण महिना २५,२००. घरटी वर्षाला पडतात ६३० रुपये. गावात तेव्हा पाणीपट्टी होती वर्षाला ३६०. आणि याच्या खाली लगेच दुसरं वाक्य: "४८० पैकी ३०० घरांनीच पट्टी भरली तर प्रत्येकी १,००८ रुपये पडतील." माझ्या मते हे वाक्य सगळ्यात जास्त कामाचं ठरलं. सभेत पंधरा मिनिटं फक्त यावर चर्चा झाली, कोण भरत नाही, का भरत नाही, वसुली दर महिन्याला करायची का सुगी झाल्यावर एकदम. रिपोर्टमधली पंपाची कार्यक्षमता, हेड, यातलं काहीच मी सारांशात घेतलं नाही, फक्त "दर वाढला तर हा खर्च वाढेल" एवढं लिहिलं.

पर्यायांना नाव देताना एक छोटी गोष्ट, पण खूप फरक पडला. रिपोर्टमध्ये "पर्याय अ" आणि "पर्याय ब" होतं, लोक सारखे गोंधळत होते. सारांशात मी "गावविहीर" आणि "तळ्याखालची विहीर" असंच लिहिलं. नकाशाही तोच, पण त्यावर मारुतीचं देऊळ, शाळा आणि वरची वस्ती दाखवली. वरची वस्ती दाखवल्यावर लगेच प्रश्न आला की तिथे पाणी चढणार का, आणि खरंच टाकीची जागा बदलून थोडी उंचावर न्यावी लागली. पहिल्या नकाशात फक्त कंटूर लाईन होत्या, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

शेवटचा भाग म्हणजे सदस्यांनी नक्की काय ठरवायचंय. माझ्या पहिल्या सारांशात हे नव्हतंच, "योग्य निर्णय व्हावा ही विनंती" असं होतं. त्यावर काय ठराव करणार कोण? दुसऱ्यांदा तीन गोष्टी लिहिल्या: तळ्याखालच्या विहिरीला मान्यता द्यायची का, पाणीपट्टी ३६० वरून किती करायची, आणि विहिरीसाठी व टाकीसाठी जागा कोण देणार. जागेचं काम सगळ्यात अवघड असतं. एका शेतकऱ्याने दोन गुंठे द्यायची तयारी तोंडी दाखवली होती आणि आम्ही रिपोर्टमध्ये "जागा उपलब्ध" लिहून मोकळे झालो होतो. सातबारा काढला तर त्यावर चार भावांची नावं. सारांशात ते बदलून लिहिलं: "जागा अजून पंचायतीच्या नावावर नाही. चारही भावांच्या सह्यांचं बक्षीसपत्र झाल्याशिवाय विहिरीचं काम सुरू करू नये."

दुसऱ्या सभेत दोन पानांचा तो सारांश एका सदस्यांनी स्वतः मोठ्याने वाचला, मी बाजूला बसून होतो. विहीर आणि पट्टी यांचे ठराव त्याच दिवशी झाले, पट्टी ६६० ठरली. जागेचा ठराव मात्र पुढे ढकलला, कारण चौथा भाऊ मुंबईला होता आणि त्याच्या सहीशिवाय पुढे जायचं नाही असं त्या कागदावर लिहिलेलंच होतं.