३२२ की ३३२?

भाच्याला सोयाची अ‍ॅलर्जी. आमच्या लातुरात शिवारभर सोयाबीन, आणि पोराला तेच चालत नाही! बहिणीसाठी दुकानात बिस्किटाच्या पुड्याचा फोटो काढून मोबाइलवर मराठी केलं. आलं: "इमल्सिफायर (३३२)".

इथंच खटकलं. असा नंबर म्हणजे पदार्थात मिसळलेल्या घटकाचा ठरलेला INS क्रमांक, आणि ३३२ म्हणजे पोटॅशियम सायट्रेट. ते आम्लता नियंत्रक; इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक, नव्हे. काम आणि नंबर जुळत नसतील तर नंबर चुकीचा वाचलाय, असं समजायचं. चुरगळलेला कागद ताणून, चकाकी टाळून पुन्हा फोटो काढला. निघालं INS 322, म्हणजे लेसिथिन. ते बहुतेकदा सोयाचं असतं. सूर्यफुलाचं किंवा अंड्याचंही असू शकतं, म्हणून नुसत्या नंबरावर भागत नाही.

मग खालची अ‍ॅलर्जीची ओळ वेगळी, जवळून टिपली. तिथं दोन वाक्यं होती: Contains Soy, May contain Milk. अ‍ॅपनं दोन्हींना "असू शकते" करून टाकलं होतं. मी हातानं दुरुस्त केलं: "सोया आहे. दुधाचा अंश असू शकतो." आता नंबर नि रसायनाचं नाव भाषांतरित करतच नाही, जसंच्या तसं ठेवतो.

पुडा परत फळीवर ठेवला.