पीडीएफमधला मजकूर पेस्ट करताय? आधी ओळीअखेरचे हायफन बघा

गेल्या वेळी मी एका यंत्राच्या 34 पानी माहितीपुस्तिकेचा मजकूर पीडीएफमधून उचलून वर्डमध्ये आणला आणि घाईत सगळ्या तुटक ओळी जोडून टाकल्या. मजकूर छान सलग दिसत होता. दोनदा वाचूनही मला काही खटकलं नाही. तिसऱ्याच दिवशी यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचा फोन आला, ‘तेल दर 1520 तासांनी बदलायचं, हे बरोबर आहे का?’ मूळ पानावर ‘15-20 तासांनी’ होतं. ओळ नेमकी हायफनपाशी संपली होती आणि मी ओळीअखेरचे सगळे हायफन एका फटक्यात उडवले होते. ही यादी त्या चुकीतून आली आहे. बाकी काही विसरलात तरी चालेल, हायफन विसरू नका.

मूळ पीडीएफ शेजारी उघडी ठेवा, शेवटपर्यंत. मजकूर पेस्ट करताना फक्त साधा मजकूर घ्या, फॉन्ट आणि रंग नकोत. पेस्ट झाल्याबरोबर त्याची एक प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि तिला हात लावू नका.

मग वर्डमध्ये ¶ चं बटण दाबून लपलेल्या खुणा दाखवा. पीडीएफमध्ये अक्षरं ‘या जागी हे अक्षर’ अशा रीतीने साठवलेली असतात. ओळ कुठे संपते आणि परिच्छेद कुठे, हे बहुतेक फायलींमध्ये नोंदलेलंच नसतं, म्हणून कॉपी करताना प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी एंटर पडतो. ओळीच्या शेवटी ¶ दिसला तर शोधताना ^p लिहायचं. वाकडा बाण दिसला तर ^l. पुढे मी ^p धरून चालते.

आता पानांचे आकडे आणि वरचे-खालचे मथळे काढा. कंटाळवाणं काम आहे, पण ते आत्ताच करायचं, कारण शब्द पानाच्या शेवटी तुटला असेल तर ‘माहि-’ आणि ‘ती’ यांच्या मधे 27 हा पानक्रमांक येऊन बसलेला असतो. तो न काढता ओळी जोडल्यात तर ‘माहि27 ती’ हाती येतं. आकडा काढल्यावर मागे राहिलेली रिकामी ओळही काढा.

ओळीच्या शेवटी नको असलेली स्पेसही असते. ‘स्पेस आणि ^p’ शोधून नुसतं ^p ठेवा, आणि बदल शून्य होईपर्यंत पुन्हा करा. हे राहिलं तर पुढचा हायफनचा शोध अर्ध्या जागा सापडवतच नाही.

खरे परिच्छेद राखून ठेवा. दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल तर ^p^p च्या जागी @@ घाला (मजकुरात आधीच @@ नाही ना, तेवढं पाहून घ्या). रिकामी ओळ नसेल तर पीडीएफकडे बघत हाताने खुणा करा. जिथे शेवटची ओळ आखूड आहे किंवा पुढची ओळ आत सरकून सुरू होते, तिथे परिच्छेद संपलेला असतो. ही खूण राहिली तर सगळा मजकूर एकच ढीग होतो, पण ते निदान लगेच दिसतं. हायफनची चूक दिसत नाही, म्हणून मी तिच्यावर इतकी अडून बसले आहे.

तर हायफन. ओळी जोडण्याच्या आधी, नंतर नाही. नंतर ओळीअखेरचा हायफन आणि वाक्याच्या मधला हायफन यांतला फरक पुसला जातो.

ओळीच्या शेवटी सापडणारा हायफन तीनपैकी एका प्रकारचा असतो. पहिला, जुळणीवाल्याने जागेसाठी शब्द तोडताना घातलेला. ‘व्यवस्था-’ आणि खाली ‘पन’. हा हायफन आणि एंटर दोन्ही जायला हवेत. दुसरा, मजकुराचाच असलेला, योगायोगाने ओळीच्या टोकाला आलेला. ‘15-20’, ‘मराठी-इंग्रजी’, ‘बी-12’ असा सुट्या भागाचा क्रमांक. इथे फक्त एंटर जायला हवा. तिसरा ‘पूर्व- आणि उत्तर-परीक्षा’ यासारखा, जिथे हायफनही हवा आणि त्याच्यापुढे स्पेसही. दिसायला तिन्ही सारखेच. संगणकाला यातला फरक कळत नाही. वाचणाऱ्यालाच कळतो.

म्हणून पहिल्या फेरीत Replace All ला हात लावायचा नाही. आधी आकडे असलेल्या जागा बघून घ्या:

```
^#-^p^#
```

यात ^# म्हणजे कोणताही एक अंक. सापडेल ती प्रत्येक जागा पीडीएफशी ताडून बघा. देवनागरी अंक असतील तर या शोधावर विसंबू नका, डोळ्यांनीच बघा. मग सगळ्यासाठी:

```
-^p
```

Replace with ची चौकट रिकामी ठेवा आणि Find Next ने एकेक जागी थांबा. शब्द तुटलेला असेल तरच Replace दाबा. हायफन मजकुराचाच असेल तर पुढे चला. तिसऱ्या प्रकारात हायफनपुढे हाताने एक स्पेस टाका, म्हणजे तो या शोधातून सुटेल. फेरी संपली की उरलेले सगळे हायफन खरे असतात, आणि तेव्हाच -^p च्या जागी नुसता - घालून Replace All दाबायचं. माझ्या 34 पानांत अशा 71 जागा होत्या. दुसऱ्यांदा नीट केलं तेव्हा वीस मिनिटं लागली. पहिल्या वेळी तीच वाचवायला गेले होते.

स्पेलचेक ही चूक पकडेल असं समजू नका. वर्ड आकडे असलेले शब्द मूळ सेटिंगमध्ये तपासतच नाही, त्यामुळे 1520 खाली लाल रेघ येणार नाही. ‘बी12’ खालीही नाही. आणि ‘आईवडील’ जोडूनही चालतो, ‘आई-वडील’ही चालतो, तेव्हा मुळात काय होतं ते फक्त मूळ पानच सांगेल.

डोळ्यांना हायफन दिसतोय आणि शोधात सापडत नाही, असंही होतं. तो वेगळ्या कोडचा हायफन असतो. मजकुरातून तोच उचलून शोधाच्या चौकटीत पेस्ट करा आणि हीच फेरी त्याच्यासाठीही करा. हो, एकेक करूनच.

पुढचं पटापट. ^p च्या जागी स्पेस, मग @@ च्या जागी ^p, मग दोन स्पेसच्या जागी एक, शून्य होईपर्यंत. कविता, पत्ते, तक्ते आणि मुद्द्यांच्या याद्या यांत हे काहीही करू नका. त्यांच्या ओळी खऱ्या असतात, ते तुकडे आधीच वेगळे काढा.

फाईल पुढे पाठवण्याआधी मजकुरातला प्रत्येक आकडा शोधा आणि पीडीएफवर बोट ठेवून ताडा. प्रत्येक.