ईमेल हॅक झाल्यावर सगळ्यांना "लिंक उघडू नका" कळवताय? या चुका टाळा

अकाउंट हॅक झालंय हे बऱ्याचदा आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं, कुणीतरी फोन करून "अरे हे काय पाठवलंयस?" असं विचारतं तेव्हा. मग धांदल उडते आणि माणूस त्याच अकाउंटवरून सगळ्यांना एक मेल ठोकून देतो. तो साधारण असा असतो:

"अर्जंट!!! माझा ईमेल हॅक झाला आहे. माझ्याकडून आलेली कोणतीही विचित्र लिंक उघडू नका. सर्वांना फॉरवर्ड करा."

हेतू चांगलाच आहे हो, पण हा मेल जवळजवळ काहीच काम करत नाही, आणि कधीकधी तर हॅकरच्याच पथ्यावर पडतो. कसा ते सांगतो.

चोर घरात असतानाच दवंडी पिटणं

माझ्या एका मित्राचं झालेलं सांगतो. त्याने पासवर्ड बदलला, वरच्यासारखाच मेल सगळ्यांना पाठवला आणि निवांत झाला. एकाचाही रिप्लाय नाही. त्याला वाटलं लोकांना समजलं असेल, कोण कशाला उत्तर देतंय. दोन दिवसांनी मावसभावाचा फोन, की मी तुला मेलवर विचारलं होतं ती लिंक खरी आहे का, तू म्हणालास "हो माझीच आहे, उघड बिनधास्त", म्हणून उघडली. मित्राने असलं काही लिहिलंच नव्हतं!

मग कॉम्प्युटरवर बसून जीमेलची सेटिंग्ज उघडली (मोबाईल अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसतच नाहीत, त्यामुळे ब्राउझरमधूनच बघायचं). See all settings मध्ये Filters and Blocked Addresses या टॅबवर एक फिल्टर बसलेला होता जो त्याने कधी बनवलाच नव्हता. मेलमध्ये हॅक, लिंक, व्हायरस असे शब्द आले की तो मेल इनबॉक्समध्ये येऊच द्यायचा नाही, परस्पर डिलीट. आणि खरी गंमत Accounts and Import मध्ये होती. तिथे Send mail as च्या पुढे edit info म्हणून असतं, त्यात रिप्लाय कुठे जावा याचा वेगळा पत्ता देता येतो. हॅकरने तिथे मित्राच्या पत्त्यासारखाच दिसणारा, फक्त एक अक्षर डबल असलेला पत्ता टाकून ठेवला होता. म्हणजे मित्राने लोकांना पाठवलेल्या सावधगिरीच्या मेललासुद्धा जो कोणी रिप्लाय करेल तो सरळ हॅकरकडे, आणि तिकडून मित्राच्याच नावाने उत्तर.

यात लक्षात घ्यायचं ते हे की पासवर्ड बदलल्याने यातलं काहीच जात नाही. फिल्टर, फॉरवर्डिंग, रिप्लायचा पत्ता या सगळ्या अकाउंटच्या सेटिंग्ज आहेत, त्या तशाच राहतात. म्हणून मेल पाठवायच्या आधी पासवर्ड बदला, टू-स्टेप चालू करा, रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तुमचाच आहे ना बघा, मग फिल्टर, Forwarding and POP/IMAP आणि वरचा रिप्लायचा पत्ता तपासा, आणि अकाउंटला अ‍ॅक्सेस दिलेली अनोळखी अ‍ॅप काढून टाका. आउटलुक वापरत असाल तर तिथे Rules बघायचे, आणि आपण कधी न उघडलेले फोल्डरही बघायचे, कारण आलेले रिप्लाय RSS Feeds सारख्या कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ढकलून ठेवायची सवय या लोकांना असते.

एवढं सगळं होईपर्यंत लोकांना कळवायचंच नाही का? कळवायचं ना, पण फोनवरून नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून. आधी ज्यांना फटका बसायची जास्त शक्यता आहे त्यांना, म्हणजे घरातली वयस्कर मंडळी, ऑफिसात पैशांचं बघणारे, आणि ज्यांच्याशी गेल्या आठवड्यात मेलवर बोलणं चालू होतं ते. ऑफिसचं अकाउंट असेल तर सगळ्यात आधी आयटीवाल्यांना, कारण ते सगळ्यांच्या इनबॉक्समधून तो मेल काढू शकतात, तुम्ही नाही.

"विचित्र लिंक" म्हणणं

विचित्र म्हणजे नक्की काय? हॅकर कच्चा असेल तर "हे फोटो बघ" आणि खाली वेडीवाकडी लिंक, ती कुणीही ओळखेल. पण मुरलेला असेल तर तो तुमच्या जुन्याच मेलच्या साखळीत रिप्लाय करतो, विषय तोच, खाली तुमचं खरं बोलणं, आणि वर एक ओळ की "सुधारित बिल इथे आहे". लिंकही कधीकधी नेहमीच्या डॉक्युमेंट शेअर करायच्या साइटची असते आणि फसवणूक त्या डॉक्युमेंटच्या आत. वाचणाऱ्याला यात विचित्र काहीच दिसत नाही, त्यामुळे तुमचा इशारा त्याला लागूच होत नाही.

म्हणून तारीख, वेळ आणि विषय लिहायचा. Sent मध्ये बघा, तिथे पुसलेलं असेल तर Trash मध्ये बघा, तिथेही नसेल तर पत्ता बंद म्हणून परत आलेले मेल असतात त्यात मूळ मेलचा विषय आणि वेळ बहुतेक सापडते. नाहीतर ज्याने फोन केला त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा.

ती लिंक दाखवण्यासाठी परत तीच लिंक पाठवणं

हे लोक खरंच करतात. मूळ मेलच फॉरवर्ड करतात आणि वर लिहितात "हे उघडू नका". एक तर कुणीतरी घाईत उघडतोच, आणि दुसरं म्हणजे ती लिंक तोपर्यंत ब्लॉक झालेली असेल तर तुमचा इशाराच स्पॅममध्ये जातो. तुमच्या मेलमध्ये एकही लिंक नको, अटॅचमेंट नको, "अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा" तर अजिबात नको. तीन उद्गारचिन्हं आणि अर्जंट पण नको, फसवे मेल अगदी तसेच दिसतात.

सगळ्यांना To किंवा CC मध्ये टाकणं

सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात, मग कुणीतरी रिप्लाय ऑल करून "ओके" लिहितो, आणि त्यातल्या एकाचं अकाउंट उद्या गेलं तर ही आयती यादी. BCC वापरा आणि To मध्ये स्वतःचा पत्ता टाका. साध्या जीमेलवरून दिवसाला 500 ची मर्यादा असते आणि हॅकरने तुमचा आजचा कोटा आधीच संपवलेला असू शकतो, त्यामुळे मर्यादा संपल्याचा मेसेज आला तर घाबरू नका, साधारण 24 तासांत सुटतं, तोवर फोन आहेच. कॉन्टॅक्टच गायब असतील तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये Undo changes ने 30 दिवसांपर्यंत मागची यादी परत आणता येते.

"सर्वांना फॉरवर्ड करा" हेही काढा. नाव-तारीख नसलेला असा मेसेज महिनोन्महिने ग्रुपमधून फिरत राहतो आणि "माझा ईमेल" म्हणजे कुणाचा हेच कुणाला कळत नाही.

ज्यांनी आधीच उघडलंय त्यांच्यासाठी काहीच न लिहिणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. तुमचा मेल पोचेपर्यंत काहीजणांनी क्लिक केलेलं असतं, आणि "उघडू नका" वाचून ते ओशाळून गप्प बसतात. त्यांना पुढचं सांगायला हवं, आणि कोणी काय केलं त्यावर उत्तर बदलतं. नुसतं पान उघडून बंद केलं तर बहुतेक वेळा काही होत नाही, ब्राउझर अपडेट करून घेतला की पुरे. पासवर्ड टाकला असेल तर तो लगेच बदलायचा, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरलाय तिथेही. एखाद्या अ‍ॅपला Allow दाबलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही, त्या अ‍ॅपचा अ‍ॅक्सेस काढावा लागतो. फाईल डाउनलोड करून चालवली असेल तर नेट बंद, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या डिव्हाइसवरून. कार्ड किंवा ओटीपी दिला असेल तर आधी बँकेला फोन, बाकी सगळं नंतर.

हे सगळं मेलमध्ये कोंबायचं नाही, थोडक्यात लिहायचं. मित्राने नंतर जो दुसरा मेल पाठवला तो साधारण असा होता, विषय होता "4 मार्चला माझ्या मेलवरून आलेली लिंक उघडू नका":

"मी अमोल. मंगळवारी 4 मार्चला सकाळी 9 ते दुपारी 1 च्या दरम्यान माझ्या ईमेलवरून 'सुधारित बिल' या विषयाचा मेल गेलाय, तो मी पाठवलेला नाही. लिंक उघडू नका, मेल डिलीट करा, आणि त्या मेलला रिप्लाय करू नका, तो माझ्याकडे येत नाही. लिंकवर पासवर्ड टाकला असेल तर तो आत्ता बदला, कार्ड किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला फोन करा, आणि काहीही झालं असलं तरी मला कळवा. मी मेलवर कुणाकडे पैसे मागितलेले नाहीत. शंका असेल तर तुमच्याकडे सेव्ह असलेल्या माझ्या नंबरवर फोन करा."

"त्या मेलला रिप्लाय करू नका" ही ओळ का, तर तुम्ही सेटिंग दुरुस्त केली तरी आधी गेलेल्या मेलमध्ये रिप्लायचा खोटा पत्ता तसाच राहतो. आणि "सेव्ह असलेला नंबर" म्हटलंय, मेलमध्ये नंबर दिलेला नाही, कारण मेलमधला नंबर हॅकरही देऊ शकतो हे लोकांना माहीत असतं.

सगळं करूनही लोक म्हणतात अजून मेल येतायत

इथे बरेच जण परत परत पासवर्ड बदलत बसतात. आधी एवढंच विचारा की मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय. फोनवर फक्त नाव दिसतं, नावावर टॅप केलं की खरा पत्ता दिसतो. पत्ता वेगळाच असेल तर हॅकर आता बाहेरून तुमचं नाव वापरतोय, चोरलेली कॉन्टॅक्ट लिस्ट त्याच्याकडे आहेच, आणि ते तुम्हाला बंद करता येणार नाही, लोकांना तो पत्ता ब्लॉक आणि स्पॅम मार्क करायला सांगा. पत्ता अगदी तुमचाच असेल तर ज्याला मेल आलाय त्याला जीमेलमध्ये Show original उघडायला सांगा. तिथे मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय का हे बघणाऱ्या SPF, DKIM आणि DMARC या तपासण्यांच्या पुढे FAIL असेल तर बहुधा पत्ता खोटा लावलाय, तुमचं अकाउंट आतून ठीक आहे. तिन्हीकडे PASS असेल तर मात्र मेल बहुधा तुमच्याच अकाउंटमधून निघालाय, कुणीतरी अजून आत आहे, आणि परत अ‍ॅपच्या अ‍ॅक्सेसपासून तपासायला लागा.