बीपीएसकेचा आलेख नेमका ३ डीबीने का सरकला?

ऐरोलीच्या घरी रात्री बीपीएसकेचं सिम्युलेशन चालवत होतो. बिटसाठी +१ किंवा −१, त्यात गॉसियन नॉइज, मग चिन्ह बघून निर्णय. इतकं सोपं, तरी Eb/N0 = 6 डीबीला बिट एरर रेट ०.०२३ येत होता. सूत्राप्रमाणे तो ०.००२४ हवा, म्हणजे जवळपास दहापट फरक.

आधी वाटलं, बिट कमी पडले. पण १ लाख बिटांत २,३०० चुका हा काही नशिबाचा खेळ नव्हे. मग दोन्ही वक्र एकावर एक काढले. माझा वक्र आकाराने अगदी तसाच, फक्त उजवीकडे सरकलेला. माझ्या ९ डीबीला जे उत्तर येत होतं, ते खरं तर ६ डीबीचं होतं. सगळीकडे सारखंच ३ डीबी अंतर म्हणजे कुठेतरी २ चा गुणक राहिलाय.

चूक नॉइजमध्ये होती. मी व्हेरियन्स N0 धरला होता. N0 ही दोन्ही अक्षांवरची मिळून बेरीज. बीपीएसके एकाच अक्षावर चालतं, म्हणून वाट्याला N0/2 येतो.

```
sigma = np.sqrt(N0/2)
r = s + sigma*np.random.randn(N)
```

वक्र सूत्रावर बसला. १० डीबीला मात्र शून्य चुका दिसल्या. तिथे अपेक्षित दर सुमारे ०.०००००४, त्यामुळे १ लाख बिटांत एकही चूक न सापडणं साहजिकच. बिट १ कोटी केल्यावर चाळीसेक चुका मिळाल्या.