डबल इंटिग्रलचा क्रम बदलताना या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे पेपर तपासताना 'चेंज ऑफ ऑर्डर'च्या गणितात एक गोष्ट वारंवार दिसते. शेवटच्या पायरीतलं इंटिग्रेशन बरोबर असतं, आकडेमोडही नीट असते, पण लिमिट्स लिहिताना पहिल्याच ओळीत प्रदेश बदललेला असतो. म्हणजे मुलाने एक गणित अगदी नीट सोडवलेलं असतं, फक्त ते विचारलेलं गणित नसतं. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन त्यात पाय कुठे घसरतो ते पाहू.

∫[x = 0 ते 2] ∫[y = x² ते 6−x] x dy dx

आधी दिलेल्या क्रमानेच सोडवू. आतल्या इंटिग्रलमध्ये x स्थिर आहे, म्हणून x(6 − x − x²) मिळतं. ते 0 ते 2 घेतलं की 12 − 8/3 − 4, म्हणजे 16/3. क्रम बदलल्यावरही हेच उत्तर यायला हवं.

लिमिट्सची नुसती अदलाबदल

सर्वांत ढोबळ चूक अशी असते:

∫[y = x² ते 6−x] ∫[x = 0 ते 2] x dx dy

dx आणि dy यांच्या जागा बदलल्या, तशा लिमिट्सच्याही बदलल्या. आयताकृती प्रदेशात हे चालतं, कारण तिथे चारही लिमिट्स आकडे असतात. इथे मात्र शेवटी 2(6 − x − x²) उरतं. ज्याचं उत्तर आकडा असायला हवं, त्यात x शिल्लक राहिला. हे दिसलं की पुढे जाऊच नका. बाहेरच्या इंटिग्रलच्या दोन्ही लिमिट्स आकडेच असतात. आतल्या लिमिट्समध्ये फक्त बाहेरचं चल येऊ शकतं.

समीकरण उलटवलं, प्रदेश नाही उलटला

ही चूक जास्त फसवी आहे. y = x² वरून x = √y, आणि y = 6 − x वरून x = 6 − y. इथवर सगळं खरं आहे. मग y ची सर्वांत लहान किंमत 0, सर्वांत मोठी 6, असं धरून मुलं लिहितात:

∫[y = 0 ते 6] ∫[x = √y ते 6−y] x dx dy

उत्तर येतं 27. ते शक्यच नाही. दिलेल्या प्रदेशाचं क्षेत्रफळ 12 − 2 − 8/3 म्हणजे 22/3 आहे आणि त्यात x कधीच 2 च्या वर जात नाही. त्यामुळे उत्तर 44/3 पेक्षा, म्हणजे साधारण 14.7 पेक्षा मोठं असूच शकत नाही.

चूक कुठे झाली ते आकृती काढल्याशिवाय दिसत नाही. आकृती सुबक नसली तरी चालेल, पण छेदबिंदू त्यावर हवेत. x² = 6 − x सोडवलं की x = 2, y = 4 मिळतं (दुसरं उत्तर x = −3, ते आपल्या प्रदेशाबाहेर आहे). प्रदेशाचे तीन कोपरे (0, 0), (2, 4) आणि (0, 6). डावीकडे y-अक्ष, खाली पॅराबोला, वर रेषा.

आता उभी पट्टी सोडा आणि आडवी पट्टी घ्या. डावीकडून आत शिरताना ती कशाला लागते? y-अक्षाला, म्हणजे x = 0 ला. डावी सीमा √y नाहीच. दिलेल्या गणितात x = 0 ही 'बाहेरची लिमिट' होती म्हणून तिच्याकडे लक्ष गेलं नाही, पण तीही प्रदेशाची एक भिंतच आहे. √y ते 6−y घेतल्यावर y = 4 पर्यंत आपण पॅराबोलाच्या उजवीकडचा, म्हणजे भलताच तुकडा मोजत होतो.

पट्टी उजवीकडे बाहेर कुठून पडते? y = 1 ला पॅराबोलातून. y = 5 ला रेषेतून. बाहेर पडण्याची सीमा बदलली की प्रदेशाचे दोन भाग करावेच लागतात आणि ते छेदबिंदूच्या उंचीला, y = 4 ला होतात:

∫[y = 0 ते 4] ∫[x = 0 ते √y] x dx dy + ∫[y = 4 ते 6] ∫[x = 0 ते 6−y] x dx dy

पहिल्या भागात y/2 चं इंटिग्रल 4. दुसऱ्यात (6−y)²/2 चं 4/3. बेरीज 16/3.

कुणी दोन भाग न करता सरळ 0 ते 6 पर्यंत x = 0 ते √y धरलं तर उत्तर 9 येतं. हे 14.7 च्या आत आहे, त्यामुळे मघाच्या अंदाजाने पकडता येत नाही. अशा वेळी x च्या जागी 1 ठेवून नव्या लिमिट्सनी क्षेत्रफळ काढा. चुकीच्या लिमिट्सनी ते साधारण 9.8 येतं, खरं 22/3 म्हणजे 7.33 आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि प्रदेश चुकला असेल तर बहुतेक वेळा तो इथे उघडा पडतो.

खालची सीमा खरोखर खाली आहे का?

याच उदाहरणात बाहेरच्या लिमिट्स 0 ते 3 दिल्या असत्या तर? x = 2 च्या पुढे x² हा 6−x च्या वर जातो. तिथे आतलं इंटिग्रल उलट्या दिशेने चालतं आणि तेवढा भाग वजा होतो. तो वेगळा काढून वजा चिन्हासह लिहायचा. एकच मोठा प्रदेश समजून क्रम बदलला तर चिन्ह हरवतं.

तसंच वर्गमूळाचं चिन्ह. प्रदेश y-अक्षाच्या डावीकडे असेल तर y = x² वरून x = −√y घ्यायला हवं. √y लिहायची सवय हाताला इतकी लागलेली असते की हे निसटतं.

क्रम बदलूनही गाडी तिथेच अडली तर

∫[x = 0 ते 4] ∫[y = √x ते 2] e^(y³) dy dx

e^(y³) चं इंटिग्रल आपल्या ओळखीच्या फलनांत लिहिता येत नाही. तरी e^(y³)/(3y²) असं लिहिलेलं खूपदा दिसतं. त्याचं डेरिव्हेटिव्ह घेऊन पाहा. भागाकाराचा नियम लावावा लागतो आणि जास्तीचं पद निघतं. 3y² ने भागणं तेव्हाच चाललं असतं, जेव्हा तो स्थिरांक असता.

क्रम बदलताना काही जण x ला y² ते 4 देतात. मग (4 − y²)e^(y³) मिळतं, आणि त्यातल्या 4e^(y³) पाशी पुन्हा तीच अडचण. क्रम बदलण्यासाठीच मुद्दाम दिलेल्या गणितात असं झालं, तर आधी बाजू चुकली का ते बघा. y ≥ √x म्हणजे x ≤ y². प्रदेशातला एखादा बिंदू, समजा (1, 1.5), घेऊन ताडा: y² = 2.25, आणि x = 1 त्याच्या डावीकडे आहे. म्हणून x 0 ते y², y 0 ते 2:

∫[y = 0 ते 2] y² e^(y³) dy = (e⁸ − 1)/3

जो y² हवा होता, तो आतल्या पट्टीच्या लांबीतूनच आला.