फोटो गॅलरीत आहे, पण पाठवताना सापडत नाही? या चुका टाळा

सावद्याजवळच्या एका केळीबागेतला प्रसंग. मृगबागेची कापणी तोंडावर आली होती. भाव ठरवण्याआधी व्यापाऱ्याला घडांचे फोटो हवे होते. आप्पांनी सकाळीच बागेत फिरून चांगले फोटो काढले. घरी येऊन व्हॉट्सअॅप उघडलं, क्लिपच्या खुणेवर बोट ठेवलं, तर त्या यादीत सकाळचा एकही फोटो नाही. कॅमेऱ्याने काढलेल्यांत सगळ्यात वरचे फोटो थेट दिवाळीतले. गॅलरी उघडली तर तिथे घड, फण्या सगळं जागच्या जागी. जळगावला असलेल्या पुतण्याला फोन लावून ते म्हणाले, "मोबाईल बिघडला रे, फोटो निघतो पण पुढे जात नाही."

मोबाईल बिघडलेला नव्हता, व्हॉट्सअॅपही नाही. दिवाळीच्या सुमारास आप्पांनी नवा फोन घेतला होता. व्हॉट्सअॅपने पहिल्यांदा फोटोंची परवानगी मागितली, तेव्हा पडद्यावरच्या पर्यायांतून त्यांनी 'Select photos and videos' निवडलं, पाच-सहा फोटोंवर खूण केली आणि पुढे गेले. अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून, ही सोय आहे. आयफोनवर ती २०२० साली आयओएस १४ सोबत आली. काही फोनवर याच पर्यायाचं नाव 'Allow limited access' असं दिसतं. अर्थ असा की अॅपला तुम्ही खूण केलेले फोटोच दिसतील, बाकीची गॅलरी त्याच्यासाठी बंद. ही खूण त्या-त्या फोटोपुरती असते. उद्या काढलेला फोटो आपोआप त्या यादीत जाऊन बसत नाही, तो तुम्हीच जोडावा लागतो.

पहिली चूक: "बाकीचे फोटो दिसतात, म्हणजे परवानगी आहेच"

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या. आप्पांच्या यादीत दिवाळीनंतरचेही काही फोटो होते. पाहुण्यांनी पाठवलेले लग्नाचे, गावाच्या ग्रुपवर आलेले. त्यामुळे परवानगीची शंका त्यांना आलीच नाही. पण अँड्रॉइडमध्ये एखाद्या अॅपने स्वतः साठवलेला फोटो त्या अॅपच्याच मालकीचा धरला जातो आणि तो पाहायला त्याला वेगळी परवानगी लागत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो व्हॉट्सअॅपनेच साठवले, म्हणून ते दिसतात. कॅमेऱ्याने काढलेला फोटो कॅमेरा अॅपचा, म्हणून तो दिसत नाही.

यावरूनच ओळखता येतं. आलेले फोटो दिसतात, पण कॅमेऱ्याचे फोटो एका ठरावीक दिवसावर येऊन थांबलेत, असं असेल तर मर्यादित परवानगीच कारणीभूत आहे असं बहुतेक वेळा धरून चालायला हरकत नाही.

दुसरी चूक: अॅप काढून पुन्हा टाकणं

आप्पांना शेजारच्या पोराने हाच सल्ला दिला होता, आणि पुतण्याने फोनवरच तो थांबवला हे फार बरं झालं. बॅकअप घेतलेला नसेल तर व्हॉट्सअॅप काढून टाकताना जुनं बोलणं हातचं जातं. सेटिंगमधलं 'Clear data' दाबलं तरी तेच. आणि एवढं करून नव्याने टाकलेलं अॅप पहिल्याच वेळी पुन्हा परवानगी मागणार. घाईत पुन्हा तोच पर्याय दाबला की अडचण होती तशीच राहते. परवानगीचा प्रश्न परवानगीच्या पानावरच सुटतो.

मग करायचं काय?

व्यापारी वाट पाहतोय, तेव्हा सर्वांत जवळचा रस्ता उलट दिशेचा आहे. व्हॉट्सअॅपमधून फोटो शोधू नका. गॅलरीत फोटो उघडा, 'Share' दाबा आणि तिथून व्हॉट्सअॅप निवडा. गॅलरी तेवढा एक फोटो स्वतःच पुढच्या अॅपच्या हाती देते, त्यामुळे मर्यादित परवानगी आड येत नाही. आप्पांचे घडांचे फोटो असेच गेले.

कायमचं दुरुस्त करायचं तर अॅपच्या चित्रावर बोट दाबून धरा, 'App info' उघडा, मग 'Permissions' आणि त्यात 'Photos and videos'. तिथे मर्यादित परवानगीवर खूण दिसेल. रोज कॅमेऱ्याचे फोटो पाठवत असाल तर 'Always allow all' निवडा. फोनच्या कंपनीनुसार शब्द थोडे वेगळे असतील, पण सगळे, निवडक आणि काहीच नाही हे तीन पर्याय असतात. मर्यादितच ठेवायचं असेल तर निवड बदलायची सोय त्याच पानावर असते. काही अॅपमध्ये फोटोंच्या यादीच्या वर 'Manage' असंही बटण येतं. आयफोनवर 'Settings', मग 'Privacy & Security', 'Photos' आणि त्यात ते अॅप, असा मार्ग आहे.

नवे फोटो जोडताना जुन्यांवरच्या खुणा काढू नका. खूण गेली की तो फोटो अॅपला दिसेनासा होतो. गॅलरीतून मात्र काहीही पुसलं जात नाही, ती भीती मनात ठेवू नका.

काही जुन्या धाटणीची अॅप ही निवड लक्षातच ठेवत नाहीत. अॅप मागे टाकून थोड्या वेळाने परत आलं की फोन पुन्हा निवड करायला सांगतो. तो बिघाड नव्हे; ते अॅप नव्या पद्धतीसाठी बदललेलं नसतं, एवढंच.

तिसरी चूक: प्रत्येक वेळी परवानगीलाच दोष देणं

पूर्ण परवानगी दिली, तरी फोटो नाहीच? मग तो फोटो आहे कुठल्या रूपात ते बघा. सातबारा बहुधा पीडीएफ असतो. तो फोटोंच्या यादीत कधीच येणार नाही, 'Document' मधून शोधावा लागतो. कुणी फोटोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला असेल तर तोही आधी तिथेच बघावा. गुगल फोटोजच्या 'Locked Folder' मध्ये ठेवलेलं चित्र दुसऱ्या अॅपला दिसत नाही. आणि व्हॉट्सअॅपमध्ये 'Media visibility' बंद असेल, तर त्यानंतर आलेले फोटो चॅटमध्ये असतात, पण गॅलरीत आणि इतर अॅपच्या यादीत येत नाहीत.

यासाठी एकच पडताळणी पुरते. फोटो आधी गॅलरीत शोधा. गॅलरीत आहे आणि फक्त एकाच अॅपमध्ये नाही, तर परवानगी तपासा. गॅलरीतच नाही, तर परवानगी बदलून काही मिळणार नाही.

चौथी चूक: वैतागून सगळ्याच अॅपना सगळं खुलं करणं

एकदा असा त्रास झाला की माणूस पुढे दिसेल त्या अॅपला 'Allow all' देत सुटतो. कृपा करून असं करू नका. गॅलरीत आधार कार्डाचे, पासबुकाचे, घरातल्या लेकीबाळींचे फोटो असतात. कर्ज देणाऱ्या अॅपबाबत तर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलं आहे की त्यांनी फोनमधल्या फाइल्स आणि मीडिया, संपर्कांची यादी, कॉलची नोंद यांना हात लावू नये. कॅमेऱ्यासारखी गोष्ट केवायसीसाठी एकदाच आणि ग्राहकाच्या संमतीने वापरता येते. असं अॅप पूर्ण गॅलरी मागत असेल तर ती देऊ नका, आणि दिल्याशिवाय पुढे जातच नसेल तर ते अॅप वापरू नका. आप्पांच्या फोनमध्ये आता व्हॉट्सअॅपला सगळे फोटो दिसतात. बाकीच्या अॅपची निवड पुतण्याने मर्यादितच ठेवली आहे.