एकच अंतर चालून आणि पळून किती कॅलरी जातात, हे रंकाळ्यावर उद्या मोजायचं आहे, त्याची तयारी

आज रात्रीच वजन करून घ्या, कारण सगळा हिशेब वजनावरच उभा आहे. माझं आणि मेव्हण्याचं वजन सारखंच आहे, 70 किलो. मी चालतो, तो पळतो, आणि अंतर दोघांचं एकच, 4 किलोमीटर. तळ्याच्या फेरीचं अंतर ऐकीव धरू नका. रंकाळा टॉवरपासून फोनवर मोजत निघा आणि 4 भरले की थांबा. रस्ता सपाटच निवडा. पन्हाळ्याच्या चढाला पुढचे आकडे लागू होत नाहीत.

घड्याळात वजन बरोबर भरलंय का तेही पाहून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते एकूण कॅलरी दाखवतं की फक्त हालचालीच्या, हे आधी शोधा. गोंधळ होतो तो इथेच. नुसतं बसून राहिलं तरी शरीर ताशी किलोमागे साधारण 1 कॅलरी खर्चतं, म्हणजे आमच्या वजनाला तासाला 70. चालणाऱ्याला वेळ जास्त लागतो, म्हणून त्याच्या एकूण आकड्यात हा बसल्या जागचा खर्चही जास्त मिसळतो.

आता अंदाज कागदावर लिहून ठेवा. सपाटीवर चालण्याचा निव्वळ खर्च किलोमीटरला किलोमागे सुमारे अर्धी कॅलरी, पळण्याचा सुमारे एक. म्हणजे 4 किलोमीटरला माझ्या 140, मेव्हण्याच्या 280. मी ताशी 5 च्या वेगाने 48 मिनिटं चालणार, त्यात बसल्या जागचे 56 मिळवले की एकूण 196. तो ताशी 8 ने अर्ध्या तासात पोचणार, त्याचे 35 धरून 315. त्यामुळे घड्याळावर पळणं दीडपटीच्या थोडंच वर दिसतं, पण खरा जादा खर्च दुप्पट असतो. तो माझी वाट बघत कट्ट्यावर 18 मिनिटं बसेल, तेव्हाही त्याच्या 21 जातीलच.

अंतर एकच असून एवढा फरक पडतो तो पायांमुळे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो आणि शरीर ताठ पायावरून लंबकासारखं पुढे झुलतं. पळताना दर पावलाला अख्खं वजन उचलून हवेत टाकावं लागतं आणि वाकलेल्या गुडघ्यावर झेलावं लागतं.

चालणाऱ्याने एक पथ्य पाळा. पळणाऱ्याला गाठायला जाऊ नका. ताशी 7-8 किलोमीटरच्या आसपास चालणं इतकं महाग होतं की पळणंच सोपं वाटू लागतं, आणि मग अर्ध्या कॅलरीचा हिशेब मोडतो. नेहमीच्या चालीत सलग बोलता यायला हवं. पळणाऱ्याचं तसं नाही, वेग थोडा कमी-जास्त झाला तरी त्याचा किलोमीटरमागचा खर्च फारसा हलत नाही.

परत आल्यावर दोन्ही घड्याळं शेजारी ठेवा. माझ्यावर 200 च्या आसपास दिसलं तर तो एकूण आकडा, 140 च्या जवळ दिसलं तर निव्वळ. दोघांची घड्याळं वेगवेगळं मोजत असतील, तर आधी दोन्ही आकडे एका पद्धतीत आणा, मगच तुलना करा.